शनिवारची अधोली

शनिवार म्हटलं की अजून मी दचकून दाराकडं बघते. सुना हसतात. म्हणतात, मारुतीच्या वाराला कसली भीती? त्यांना काय सांगू, डोंबल! एक अख्खा हिवाळा मी दारात काठी वाजतेय का म्हणून कान टवकारून काढलाय. त्या हिवाळ्याचंच हे लिहितेय.

लढाईचे दिवस होते. लढाई कुठं तरी लांब चालली होती, पण रॉकेल निपाणीच्या बाजारातून गायब झालं होतं. आमचं गाव निपाणी आणि संकेश्वरच्या मधलं. रानात तंबाखू, परड्यात दोन म्हशी आणि घरात माणसं तीनच: आत्याबाई म्हणजे माझी सासू, आमचे कारभारी आणि मी. मी वडगावची, तिसरीपर्यंत शिकलेली. सासरच्या गावात तेवढ्यावर मला लोक मास्तरीणबाई म्हणायचे. चिडवायचे म्हणा ना.

कारभारी पैलवान. दसऱ्याला गावच्या तालमीत त्यांची जोड ठरली. चैत्रातल्या जत्रेला संकेश्वरकडच्या एका पैलवानाबरोबर कुस्ती. चारचौघांत ह्यांनी विडा उचलला आणि मिशीला पीळ देत घरी आले. तो संकेश्वरचा गडी म्हणजे नुसता रेडा, असं सगळे सांगायचे. मागच्या साली त्यानं एकाची मान अशी दाबली होती की त्या माणसाला नंतर मागं वळून बघायचं झालं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. हे ऐकल्यापासून मी सारखी ह्यांच्या मानेकडंच बघायची.

आणि मग दिवाळीत कारभाऱ्यांना मुदतीचा ताप आला. तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. उठले तेव्हा मांड्यांच्या नुसत्या काठ्या झाल्या होत्या. मला वाटलं, चला, कुस्ती तरी टळली. मनातल्या मनात देवीला नारळ बोलले. पण हे कुठले ऐकतात? "विडा उचललाय मी," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

तालमीचे वस्ताद म्हातारे होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचे. ते एका शनिवारी मारुतीला तेल घालून थेट आमच्या सोप्यात आले आणि काठी जमिनीवर आपटून म्हणाले, "तापातनं उठलेल्या गड्याला मी कुस्तीच्या हौद्यात घेत न्हाय. घरीच मेहनत कर. मी सांगीन तेवढीच, एक बैठक जास्त न्हाय. जत्रंच्या आधीच्या शनवारी तालमीतला नाल उचलून दाव. खांद्यावर आला तर कुस्ती. न्हाय आला तर जोड मी मोडतो, लोकं काय बोलायची ती मला बोलतील."

नाल म्हणजे जात्याच्या पाळीसारखा जाडजूड दगड, मध्ये भोक आणि त्यात धरायला मूठ कोरलेली. त्याचं नाव निघताच आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्याच नालानं माझा सासरा नेला होता. जत्रेच्या गर्दीत कुणी तरी डिवचलं, त्यांनी तयारी नसताना दगडाला हात घातला, आणि कंबरेत जी कळ आली ती गेलीच नाही. तेव्हापासून ते खाटेवरच. आत्याबाईंनी त्यांचं हगणंमुतणं काढलं, कूस बदलून दिली, आणि शेवटी एका पहाटे तोंडात पाणी घातलं. हे सगळं मी लग्नाआधी ऐकलं होतं. आत्याबाई स्वतः कधी बोलायच्या नाहीत.

वस्तादांची रीत अशी. शनिवार विसाव्याचा. त्या दिवशी ते दारात यायचे, काठी आपटायचे आणि ओरडायचे, "वार आला रं, माप वाढीव!" मग मागच्या आठवड्याचा हिशेब मागायचे. तो माझ्याकडं असायचा. परड्याच्या भिंतीवर वर गेरूनं लिहायचं काय करायचं ठरलं होतं ते, आणि खाली कोळशानं लिहायचं रोज खरंच किती झालं ते; ठरलेलं सगळं झालं तर पूर्ण रेघ, राहिलं तर अर्धी. जोर किती, बैठका किती, पळत कुठपर्यंत गेले. आधी मळ्यातल्या विहिरीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग सडकेवरच्या मैलाच्या दगडापर्यंत. आणि पोतं किती वेळा छातीला लावून उचललं.

मी पदर पुढं ओढून दाराआडून वाचायची. वस्ताद मान हलवत ऐकायचे. सगळं भरलं असेल तर वाढ. एखाद्या दिवशी अर्धं राहिलं असेल तर वाढ नाही, पुढचा आठवडाही तेवढंच. एकदा कारभाऱ्यांना सर्दी झाली होती तेव्हा वस्तादांनी उलट कमी केलं. हे चिडले. "वस्ताद, असं गोगलगायीवानी किती दिस?" वस्ताद म्हणाले, "गोगलगाय कंबर मोडून घेत न्हाय."

पोत्याचं सांगायचं राहिलं. घरात दगडाचा नाल नव्हता, म्हणून वेदगंगा नदीची वाळू आणून उन्हात वाळवून ठेवली होती आणि गोणपाटाच्या पोत्यात तीन पायल्या भरली होती. दर शनिवारी त्यात एक अधोली, म्हणजे अर्धी पायली, वाढवायची. आम्ही जोंधळे मापायचो त्याच अधोलीनं, काठोकाठ भरून, वरनं हातानं सपाट करून. जत्रेपर्यंत पोतं नालाच्या वजनाला येईल असा वस्तादांचा हिशेब होता. वाळू घालायचं काम आत्याबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. मला नवल वाटलं. ज्या बाईला नालाचं नावही सोसत नव्हतं, ती पोत्यात वाळू घालायला पुढं कशी? पण सासूला कोण विचारणार.

आठवडे गेले. भिंत भरत चालली. कारभाऱ्यांच्या मांड्या पुन्हा भरल्या, तोंडावर तजेला आला, भाकरी दोनाच्या चार झाल्या. बघणारीला बरं वाटावं असं सगळं. आणि मला? मला प्रत्येक कोळशाच्या रेघेला धडकी भरायची. माझ्याच हातानं लिहायचं आणि मीच घाबरायचं. रेघ वाढली की जत्रा जवळ, जत्रा जवळ आली की तो रेडा जवळ. कधी वाटायचं, एखादी रेघ अर्धीच काढावी, कुणाला कळतंय? पण हात धजला नाही. कमी लिहावं तर कारभाऱ्यांचा घाम खोटा ठरतो.

एका शनिवारी वस्ताद म्हणाले, "पोतं उचलून टाक बघू, मला ऐकू दे." कारभाऱ्यांनी उचललं, टाकलं. धप्प. वस्तादांनी मान तिरकी केली. "आवाज तोच हाय की रं." कारभारी टॉवेलनं तोंड पुसायला लागले. आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या, "जिमीन वली हाय, भावजी." वस्ताद हं म्हणाले आणि गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

जत्रेआधीचा तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी तालमीत जाऊन नाल उचलायचा होता. मी परड्यातली पडवी शेणानं सारवत होते. दर शुक्रवारी सारवायची, आणि दर शुक्रवारी ते पोतं ओढून बाजूला करायची. त्या दिवशीही दोन्ही हातांनी त्याचे कान धरले, पाय रोवले आणि ओढलं. आलं सरकत. मी मनाशीच हसले. बाई गं, म्हटलं, ह्यांच्या संगतीनं मीबी पैलवान झाले का काय!

आणि हसता हसता माझे हात तसेच थांबले. भिंतीवर गेरूनं लिहिलेलं समोर दिसत होतं. पहिल्या आठवड्यात तीन पायल्या. आणि आता जवळजवळ आठ. पहिल्या आठवड्यात मी हे पोतं जसं ओढलं होतं, तसंच आज ओढलं होतं. मी काही चार भाकऱ्या खात नव्हते. मला जोर कुठून आला?

पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला. वर वाळू. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना खडबडीत, हलकं काही तरी लागलं. मूठभर बाहेर काढलं. भुईमुगाच्या शेंगांची फोलं. पोतं भरलेलं दिसावं म्हणून तळाशी सगळी फोलं. मग मला परड्यात वालाच्या वेलाखाली दिसलेला वाळूचा ढीग आठवला. मी समजत होते कोंबड्यांनी माती उकरलीय.

मी पोत्याचं तोंड बांधलं आणि मूठ आवळून घरात गेले.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी ती फोलं त्यांच्यापुढं धरली. वाटलं, नाकारतील, आकांडतांडव करतील. त्यांनी नुसतं बघितलं आणि तवा खाली उतरवला. "दर शनवारी सगळ्यांदेखत एक अधोली घालायची, आणि तू पाण्याला गेलीस की काढायची," त्या म्हणाल्या. "उद्या त्येला नाल हलायचा न्हाय. न्हाय हलला की वस्ताद जोड मोडत्यात. झालं. माझं लेकरू घरी येतंय."

"आणि हलवायला गेले तर?" मी म्हटलं. "भिंतीवर आठ पायल्या लिहिल्यात, आत्याबाई. ह्यांना वाटतंय आठ पायल्या आपण रोज उचलतोय. त्या भरवशावर सगळ्या तालमीदेखत दगडाला हात घालतील. न्हाय हलला तर सोडतील? तुमचं पोरगं हाय ते. तुम्हीच सांगा, सोडतील?"

आत्याबाईंनी इतके आठवडे नालाला भिऊन वाळू काढली होती, आणि त्यांनीच पोराला तयारीशिवाय त्याच नालापुढं नेऊन उभं केलं होतं. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं ते. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. मी त्यांना काही बोलायला गेले होते, पण मलाच त्यांच्याशेजारी बसावं लागलं.

कारभारी रानातनं आले. मी ताट वाढलं. सांगू का नको, सांगू का नको, असं जिवाचं पाणी पाणी होत होतं. सांगावं तर उद्या नालापुढं उभं राहण्याची हिंमत जाते, माणूस आईवर उखडतो, घर फुटतं. न सांगावं तर कंबर मोडते. ह्यांनी खाली मान घालून जेवण केलं. चौथी भाकरी घेतली नाही. मला वाटलं, उद्याचा विचार करतायत.

शनिवारी सकाळी काठी वाजली. "वार आला रं!" वस्ताद आज माप सांगायला नव्हे, न्यायला आले होते. कारभारी लंगोट, टॉवेल काखेत मारून उंबऱ्यात उभे. आत्याबाई देवापुढं पुतळ्यासारख्या बसलेल्या. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी वस्तादांसमोर कधी बाहेर आले नव्हते. त्या दिवशी आले. "थांबा वस्ताद," म्हटलं, "जायच्या आधी पोतं मापून बघा."

एवढं बोलून मी डोळे मिटले. वाटलं, आता मुस्काटात बसणार. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर कारभारी जोत्यावर मटकन बसले होते. रागावले नव्हते. तोंडावरचं रक्त मात्र पार उतरलं होतं.

वस्तादांनी अधोली मागवली. मी पोतं पडवीत ओतलं. वाळू थोडी आणि फोलांचाच ढीग मोठा. वस्तादांनी वाकून हातानं चाचपलं, बोटांत फोल चुरडलं. मी एक एक अधोली भरून मोजली. जेमतेम तीन पायल्या भरल्या.

"कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"खोटं बोलतीया," आत्याबाई आतनं आल्या. "म्या केलंय. तिला काल कळलं. काय बोलायचं ते मला बोला. एक पुरुस त्या दगडानं नेला माझा. दुसरा मी देत न्हाय, जा!"

वस्ताद काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "वैनी, तुमच्या मालकाला त्या दिवशी डिवचणारा मीच हुतो. हसत हसत बोललो, उचल की, बांगड्या भरल्यास काय म्हणून. तुमाला कुणी सांगितलं नसंल." आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाठ फिरवली. "तवापासनं कुठल्या गड्याला मी एकदम वझं उचलू देत न्हाय. ही अधोलीची रीत माझ्या वस्तादाची न्हवं. माझीच हाय. त्या भ्यानं काढलेली." त्यांनी काठी उचलली. "जोड मोडली. संकेश्वरला सांगावा मी धाडतो. पोरा, भिंतीवरचं पोत्याचं माप पूस. तीन पायल्यांपासनं पुन्ना." आणि चाचपडत पायऱ्या उतरून गेले.

आत्याबाईंनी देवघराचं दार आतून लोटून घेतलं. दुपारपर्यंत कारभारी जोत्यावरनं हलले नाहीत. शेवटी मीच पाण्याचा तांब्या घेऊन गेले. म्हटलं, "रागावलासा? मी काल सांगायला पाहिजे हुतं. भ्याले मी."

त्यांनी तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत. "अगं, रोज उचलतोय ते पोतं मी," ते म्हणाले. "मला कळत नसंल व्हय? दुसऱ्या हप्त्यातच कळलं. आईला वाळू काढताना बघितलंबी एकदा."

मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले.

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? बरंच झालं वाटलं." ते भिंतीकडं बघत होते, माझ्या कोळशाच्या रेघांकडं. "लई भ्या वाटतंय गं मला त्या गड्याचं. तापातनं उठल्यापासनं वाटतंय. विडा उचलून बसलोय, सांगू कुणाला? म्हटलं नाल हलायचा न्हाय, वस्ताद जोड मोडतील, आन् लोकं म्हणतील ताप आडवा आला. मला भित्रा कोण म्हणणार न्हाय."

"आणि हात घातल्यावर, सगळ्यांदेखत, सोडता आला असता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काल रातभर त्योच इचार करत हुतो," म्हणाले. "न्हाय. सोडता आला नसता."

मी खाली बसले आणि रडले. मोठ्यांदा, शेजारपाजारचा विचार न करता. एकाच घरात तीन माणसं एकाच गोष्टीला भीत होतो, आणि एकानं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. भिंतीला तेवढं सगळं लिहून दिलं होतं, आणि तेही खोटं.

भिंत आम्ही दोघांनी मिळून पुसली. जोर, बैठका आणि पळणं तसंच ठेवलं, ते खरं होतं. पोत्याच्या रेघा तेवढ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन पायल्या. आता अधोली कारभारी स्वतः घालायचे, आत्याबाई समोर बसून बघायच्या, आणि त्यानंतर हे मला हाक मारायचे, "मास्तरीणबाई, वडून बघा." मी पोत्याचे कान धरून ओढायची. सरकलं की हे हसायचे, म्हणायचे, लिहा. माझं ओढणं हाच त्यांचा तराजू झाला. पहिल्यांदा सहज आलं. पुढं दम लागायला लागला. मग नुसतं वीतभर सरकायचं. दर शनिवारी वस्ताद यायचे, काठी आपटायचे, मी वाचून दाखवायची आणि ह्या वेळी पदर पुढं ओढायची नाही.

पावसाळा गेला. दसरा जवळ आला. तालमीत पुन्हा जोडी ठरायच्या दिवसांत एका शनिवारी कारभाऱ्यांनी पोतं नालाच्या वजनाला आणणारी अधोली घातली, त्याचं तोंड बांधलं आणि बाजूला झाले. मी पाय रोवले, ओढलं. दात ओठ खाऊन ओढलं. पोतं जागचं हललं नाही.

मी वर बघितलं. कारभारी हसत नव्हते. आता सांगायला ताप नव्हता आणि लपायला फोलं नव्हती. माणूस खरोखर तयार झाला होता.

चुलीपासनं आत्याबाईंनी विचारलं, "हललं का गं?"

"न्हाय, आत्याबाई," मी म्हटलं.

त्या उठून देवापुढं दिवा लावायला गेल्या. मी कोळसा उचलला आणि भिंतीवर रेघ ओढली, पूर्ण.